येण्यांवरची ईसीएल तरतूद: एजिंग मॅट्रिक्समधल्या या चुका टाळा

येणी किती दिवस थकली त्यानुसार रकाने पाडायचे आणि प्रत्येक रकान्याला तोट्याचा दर लावायचा, हे एजिंग मॅट्रिक्स; त्यातून निघते ती ईसीएल, म्हणजे अपेक्षित तोट्याची तरतूद. यातली पहिली गफलत तारखेची. दर काढताना दिवस ड्यू डेटपासून मोजलेले असतात आणि वर्षअखेरीला एजिंग निघतं बिलाच्या तारखेने. साठ दिवसांची उधारी असेल, तर ४५ दिवसांपूर्वीचं बिल अजून मुदतीत आहे; पण या एजिंगमध्ये ते ३१ ते ९० च्या रकान्यात जाऊन बसतं. टॅलीत दोन्ही पर्याय आहेत, रिपोर्ट काढण्याआधी कोणता निवडलाय ते बघा.

दुसरी चूक जास्त महागाची: दराचा छेद. वर्षात ४ लाख बुडाले, वर्षअखेरीला येणी २ कोटी, म्हणून सगळ्यांना सरसकट २ टक्के. बुडालेली रक्कम ज्या विक्रीतून आली, तिचा या २ कोटींशी थेट संबंधच नाही.

त्याऐवजी एका जुन्या काळातली उधार विक्री धरा आणि तिचा पैसा कसा येत गेला ते बघा. समजा विक्री १० कोटींची. ड्यू डेटला ३ कोटी यायचे राहिले, त्यानंतर ३० दिवसांनी १ कोटी, ९० दिवसांनी ४० लाख, आणि शेवटी बुडाले ४ लाख. अंश प्रत्येक वेळी हेच ४ लाख, छेद मात्र त्या रकान्यापर्यंत पोचलेली रक्कम. म्हणून मुदतीतल्या येण्यांना ०.४ टक्के, १ ते ३० दिवसांना १.३३, ३१ ते ९० ला ४ आणि त्यापुढे १० टक्के. मुदतीतल्या रकान्याचा दर शून्य का नाही, तेही इथेच दिसतं. इंड एएस १०९ मध्ये अशा येण्यांवर पहिल्या दिवसापासून पूर्ण मुदतीचा अपेक्षित तोटा धरायचा असतो.

आता ते २ कोटी याच क्रमाने १२०, ५०, २० आणि १० लाख असे विभागलेत असं धरू. तरतूद ०.४८ + ०.६७ + ०.८० + १.०० म्हणजे २.९५ लाख येते. सरसकट दराने ४ लाख झाली असती. आणि १२० पैकी ६० लाखांची बिलं तारखेच्या गफलतीने ४ टक्क्यांच्या रकान्यात गेली, तर २.१६ लाख उगाच वाढतात.

एजिंगमध्ये एखाद्या पार्टीपुढे उणे आकडा दिसला, तर ऑन अकाउंट जमा किंवा क्रेडिट नोट बिलाला लावायची राहिली आहे. ती आधी लावा, नाहीतर पैसे देऊन मोकळी झालेली पार्टीही ९० च्या पुढे दिसत राहते.

शेवटच्या १० लाखांत ६ लाख दिवाळखोरीत गेलेल्या एकाच पार्टीचे असतील, तर तिला १० टक्के लावणं म्हणजे स्वतःची समजूत घालणं. ती मॅट्रिक्समधून बाहेर काढून तिची तरतूद वेगळी करा. जुने दर काढतानाही अशा पार्ट्या वगळल्यात का, हे तपासा. मॅट्रिक्समधून वगळून दरांत ठेवल्या तर एकच तोटा दोनदा धरला जातो.

हे दर जुन्या काळाचे आहेत. ग्राहकांच्या धंद्याची पुढची स्थिती पाहून ते बदलावे लागतात, आणि बदल का केला ते कागदावर हवं. दरवर्षी दरांत तीच १० टक्क्यांची वाढ दिसली, तर ऑडिटर विचारल्याशिवाय राहत नाही.