छोट्या सीएनसी अक्षासाठी बॉल स्क्रू आणि लिनिअर गाइड: ऑर्डर देण्यापूर्वीची तयारी

वाळूज, चिकलठाणा किंवा लातूरच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लहान शेडमध्ये स्वतःचे सीएनसी मशीन उभे करू पाहणाऱ्यांसाठी ही तयारीची यादी आहे. तिच्यात एकच अक्ष धरला आहे : ३०० मिलिमीटर प्रवास, टेबल आणि जॉब मिळून १५ किलो वजन, काम ॲल्युमिनियमच्या प्लेटमध्ये छिद्रे आणि खिसे करण्याचे, आणि अपेक्षित अचूकता अधिक-उणे २० मायक्रॉन. पुढचे सगळे निर्णय या चार गोष्टींवरून ठरतात. म्हणून पुरवठादाराला फोन करण्याआधी आपल्या अक्षाच्या या चार गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात.

त्यानंतर दोन चुका वेगळ्या ओळखून त्यांचे हिशेब वेगळे मांडावेत. पहिली आहे लीडची चूक. पाच मिलिमीटर लीडचा स्क्रू एका फेरीत नेमका पाच मिलिमीटर सरकत नाही. हा फरक अंतराबरोबर साचत जातो, पण टेबल डावीकडून येवो की उजवीकडून, त्याच जागी तेवढाच राहतो. दुसरी आहे बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना मोटर फिरत असूनही टेबल न हलण्याचे अंतर. ही चूक प्रवासाच्या लांबीवर अवलंबून नसते आणि प्रत्येक उलट वळणाला भेटते. रोल्ड स्क्रूच्या सी-७ वर्गात ३०० मिलिमीटरमध्ये ५० मायक्रॉनपर्यंत लीडची चूक मान्य असते, तर सी-५ वर्गात ती १८ मायक्रॉनच्या आसपास असते. कागदावर पाहता २० मायक्रॉनच्या अपेक्षेला सी-५ हाच वर्ग योग्य वाटतो, आणि बहुतेक जण येथेच आपले पैसे खर्च करून बसतात.

माझे मत वेगळे आहे. लीडची चूक दर वेळी त्याच जागी तेवढीच येत असल्याने ती मोजून कंट्रोलरच्या दुरुस्ती-तक्त्यात भरता येते. १०० मिलिमीटरचा स्लिप गेज आणि एक मायक्रॉनचा लिव्हर डायल हाताशी असेल, तर गेज टप्प्याटप्प्याने पुढे सरकवत ३०० मिलिमीटरचा तक्ता एका सकाळी तयार होतो. बॅकलॅशसाठीही सॉफ्टवेअरमध्ये भरपाईची सोय असते, परंतु ती फक्त टेबलाची जागा दुरुस्त करते, टेबलाला घट्ट धरून ठेवत नाही. क्लाइंब मिलिंगमध्ये कटर टेबलाला आपल्याकडे ओढतो आणि नटमधील मोकळी जागा त्याच क्षणी पार होते. धार अडकते, पृष्ठभागावर लाटा उमटतात, कधी कटर तुटतो. म्हणून बजेट मर्यादित असेल तर मोकळ्या नटाच्या सी-५ स्क्रूपेक्षा प्रीलोड दिलेल्या, म्हणजे गोळ्या आधीच दाबून मोकळीक काढलेल्या नटाचा सी-७ स्क्रू घ्यावा आणि उरलेली रक्कम आधाराच्या बेअरिंगसाठी राखावी.

आता प्रीलोड किती असावा हे ठरवावे. आपल्या अक्षावर कटिंगचे बल २०० न्यूटन, १५ किलोला दोन मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण देण्यासाठी ३० न्यूटन, आणि रेल व सील यांच्या घर्षणासाठी १० न्यूटन धरले, तर एकूण अक्षीय भार २४० न्यूटन होतो. प्रीलोड दिलेल्या नटात गोळ्यांच्या दोन्ही बाजू दाबाखाली असतात. बाहेरचा भार प्रीलोडच्या सुमारे २.८ पट झाला की एका बाजूचा दाब शून्य होतो आणि तेथून पुढे मोकळीक परत येते. त्यामुळे कमाल भाराच्या एकतृतीयांश इतका प्रीलोड हे किमान प्रमाण मानले जाते, म्हणजे आपल्या बाबतीत ८० न्यूटन. १६ मिलिमीटर व्यासाच्या आणि पाच लीडच्या नटाची गतिक क्षमता १०,००० न्यूटनच्या घरात असते; तिच्या दोन टक्के, म्हणजे २०० न्यूटन प्रीलोड मागितला तरी भरपूर गाठीशी उरते. या प्रीलोडमुळे वाढणारा घर्षणाचा टॉर्क साधारण ०.०२५ न्यूटन-मीटर येतो, म्हणजे दोन न्यूटन-मीटरच्या मोटरला तो जाणवतही नाही. मात्र याच तर्काने प्रीलोड वाढवत नेऊ नये. जादा दाबाने नट तापतो, ग्रीस लवकर संपते आणि गोळ्यांच्या वाटेवर खवले उठू लागतात.

प्रीलोड कसा दिला आहे, हेही पुरवठादाराला विचारावे. बाजारात सहज मिळणारा १६०५ मापाचा एकेरी नट बहुधा मोकळीक ठेवूनच येतो आणि ती पाच शतांश मिलिमीटरपर्यंत असू शकते. या नटात ३.१७५ मिलिमीटरच्या गोळ्या असतात. त्यांच्या जागी काही मायक्रॉन मोठ्या गोळ्या भरून प्रीलोड देता येतो, आणि लहान अक्षासाठी हा मार्ग पुरेसा आहे. सगळ्या गोळ्या एकाच लॉटमधील असाव्यात. गोळी गरजेपेक्षा मोठी झाली तर नट हाताने फिरवताना धक्के देतो; असा नट परत करावा, तो वापरून मोकळा होईल या आशेवर बसवू नये. दोन नटांमध्ये स्पेसर घालून दिलेला प्रीलोड अधिक खात्रीचा असतो, पण नट लांब होतो आणि तेवढा प्रवास कमी होतो, हे ड्रॉइंगवर आधी तपासावे.

यादीत सगळ्यात अधिक लक्ष मागणारी नोंद आहे स्थिर टोकाच्या बेअरिंगची. नट कितीही घट्ट असला तरी स्क्रू स्वतःच अक्षाच्या दिशेने पुढेमागे सरकत असेल, तर टेबलाच्या दृष्टीने तोही बॅकलॅशच. १६ मिलिमीटरच्या स्क्रूसाठी एका टोकाला बीके-१२ आणि दुसऱ्या टोकाला बीएफ-१२ हे ब्लॉक वापरतात. बीके-१२ मध्ये समोरासमोर बसवलेली अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची जोडी हवी. स्वस्त ब्लॉकमध्ये काही वेळा साधी डीप ग्रूव्ह बेअरिंग निघतात आणि बाहेरून ओळखू येत नाहीत, म्हणून झाकण काढून बेअरिंगवरचा क्रमांक वाचावा. झाकणाचे बोल्ट आवळण्याआधी झाकण आणि ब्लॉक यांच्यात एक-दोन दशांश मिलिमीटरची फट दिसायला हवी. फट नसेल तर झाकण ब्लॉकवर टेकते, बेअरिंगची बाहेरची रिंग दाबली जात नाही, आणि लॉकनट कितीही आवळला तरी स्क्रू हलतच राहतो. बीएफ-१२ कडचे टोक मात्र मोकळेच ठेवावे, कारण तापलेल्या स्क्रूला लांब व्हायला तेथेच वाट मिळते.

तापमान हा आपल्याकडचा खास प्रश्न आहे. मापाचे प्रमाण तापमान २० अंश आहे आणि मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये ४० अंश सहज असतात. २०० मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा जॉब त्या वेळी केला आणि नंतर वातानुकूलित खोलीत २० अंशांवर मोजला, तर तो सुमारे ४५ मायक्रॉन लहान भरतो, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुपटीने आकसते. हा दोष स्क्रूचा नाही आणि सी-३ वर्गाचा स्क्रू आणूनही तो जाणार नाही. सतत चालून स्क्रू टेबलापेक्षा पाच अंशांनी अधिक तापला तर ३०० मिलिमीटरमध्ये १८ मायक्रॉन वाढतात, म्हणजे आपली सगळी अपेक्षा तेथेच संपते. म्हणून दुरुस्ती-तक्ता मशीन अर्धा तास चालवून मगच घ्यावा आणि बारीक मापाचे काम सकाळी ठेवावे.

लिनिअर गाइडची निवड त्या मानाने सोपी आहे, परंतु तिचा पाया अवघड आहे. या अक्षाला १५ मापाच्या दोन रेल आणि चार ब्लॉक पुरतात. भारक्षमता येथे अडचण नसते. ब्लॉकमध्ये प्रीलोड हवा, कारण ब्लॉक मोकळा असला तर टेबल किंचित झुलते आणि उंचीमुळे ती चूक मोठी होते. पुढच्या आणि मागच्या ब्लॉकमध्ये १२० मिलिमीटर अंतर असेल आणि १० मायक्रॉनची मोकळीक असेल, तर रेलपासून १५० मिलिमीटर उंचीवर कटरच्या टोकाशी १२ मायक्रॉनपेक्षा जास्त फरक पडतो. नुसत्या स्क्रूकडे पाहत राहिलो तर ही चूक कधीच सापडत नाही. येथे मध्यम प्रीलोड घ्यावा. काही कॅटलॉगमध्ये तो झेड-ए असा लिहिलेला असतो आणि गतिक क्षमतेच्या पाच ते सात टक्के असतो. झेड-बी हा भारी प्रीलोड घ्यायचा मोह टाळावा. मध्यम प्रीलोडसाठीही दोन रेलमधील समांतरता वीस मायक्रॉनच्या आत ठेवावी लागते आणि ही मर्यादा प्रीलोड वाढवला की आणखी कमी होते. वेल्डिंग केलेल्या चौकटीवर थेट रेल बसवायची असेल तर आधी जवळच्या जॉबवर्कवाल्याकडून रेलच्या जागा एकाच सेटिंगमध्ये मिलिंग किंवा ग्राइंडिंग करून घ्याव्यात, आणि तो खर्च रेलच्या किमतीबरोबरच धरावा.

जोडणीचा क्रमही आधीच लिहून ठेवावा. पहिली रेल खांद्याला टेकवून बसवावी, दुसरी रेल पहिलीवरच्या ब्लॉकला लावलेल्या डायलने समांतर करावी, आणि मग स्क्रू दोन्ही दिशांनी रेलशी समांतर करावा. नट स्थिर टोकाजवळ आणून ब्रॅकेटचे बोल्ट आवळावेत, नंतर दुसऱ्या टोकाला नेऊन तेथील बेअरिंग ब्लॉक आवळावा. स्क्रू हाताने फिरवताना एका टोकाजवळ जड आणि मध्ये हलका लागत असेल तर समांतरता चुकली आहे; मोटरची ताकद वाढवून ते झाकू नये. नट स्क्रूवरून आणि ब्लॉक रेलवरून उतरवताना नळी किंवा डमी रेल लावावी, नाहीतर गोळ्या जमिनीवर येतात. नव्या नटातले तेल अनेकदा केवळ गंजरोधक असते, ते पुसून लिथियमचे दोन नंबरचे ग्रीस भरावे. ग्रॅफाइटचे ग्रीस भरू नये.

शेवटी चाचणीची सामग्री जवळ ठेवावी : लिव्हर डायल, चुंबकीय स्टँड आणि एक लहान पोलादी गोळी. स्क्रूच्या टोकाच्या सेंटरमध्ये ग्रीस लावून गोळी बसवावी, तिच्यावर डायल टेकवावा आणि टेबल हाताने पुढेमागे ढकलावे. डायल हलला तर मोकळीक बेअरिंगमध्ये आहे. तो स्थिर राहिला तर डायल नट आणि टेबल यांच्यामध्ये लावावा. तेथे हालचाल दिसली तर ब्रॅकेटचे बोल्ट ढिले आहेत किंवा ब्रॅकेट वाकतो आहे. दोन्ही ठिकाणी काहीच नसेल आणि तरीही टेबल हलत असेल, तरच नटाला दोष द्यावा. त्यानंतर कंट्रोलरवरून एकाच दिशेने ०.०१ मिलिमीटरची पावले देऊन डायल नियमित चालू लागला की दिशा उलटावी आणि टेबल हलेपर्यंत किती पावले वाया जातात ते मोजावे. प्रीलोड असतानाही काही मायक्रॉन दिसतात, कारण २४० न्यूटनखाली ४०० मिलिमीटरचा स्क्रू एकटाच तीनेक मायक्रॉन ताणला जातो. आपल्या अक्षासाठी दहा मायक्रॉनपर्यंतचा आकडा स्वीकारावा. तो याहून मोठा आला तर भरपाईचा आकडा भरण्याआधी गोळीची चाचणी पुन्हा करावी.