प्रीमियर लावताना या चुका टाळा: लिंक आधी गेली, व्हिडिओ उघडेना

ठाण्यात नौपाड्याला आमचा गाण्याचा क्लास आहे आणि त्याचं यूट्यूब चॅनेल मी सांभाळते. नरक चतुर्दशीला सकाळी साडेसहाला 'दिवाळी पहाट'च्या व्हिडिओचा प्रीमियर लावायचा, म्हणजे तो सगळ्यांनी ठरलेल्या वेळी एकत्र बघायचा, असं ठरलं होतं. आदल्या संध्याकाळीच मी लिंक पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. दहा मिनिटांत एका विद्यार्थिनीच्या आजींचा फोन आला, "अगं, इथे नुसतं काळं दिसतंय, Private video लिहिलंय."

चूक माझीच होती. अपलोडच्या शेवटच्या पानावर मी `Schedule` निवडून तारीख-वेळ भरली, पण त्याखालच्या `Set as Premiere` या चौकोनावर खूण केली नाही. ती खूण नसेल तर व्हिडिओ ठरलेल्या वेळेपर्यंत खाजगी राहतो आणि मग गुपचूप सार्वजनिक होतो. पान नाही, काउंटडाउन नाही, आठवणीचं बटणही नाही. खूण केली की पान लगेच सगळ्यांना उघडतं, त्यावर वेळ दिसते आणि खाली `Notify me` येतं. आपल्या मोबाइलवर हा फरक कळत नाही, कारण आपण मालक म्हणून लॉगिन असतो आणि आपल्याला व्हिडिओ दिसतोच. म्हणून लिंक पाठवण्याआधी ती इन्कॉग्निटो विंडोत किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवर उघडून बघा.

अशा वेळी घाबरून व्हिडिओ `Public` करून टाकण्याचा मोह होतो. तो आवरा. एकदा सार्वजनिक झालेल्या व्हिडिओचा पुन्हा प्रीमियर लावता येत नाही. मी यूट्यूब स्टुडिओत त्याच व्हिडिओच्या `Visibility`मध्ये जाऊन राहिलेली खूण केली आणि सेव्ह केलं. लिंक तीच राहिली, त्यामुळे ग्रुपवर "आता उघडून बघा" एवढंच लिहावं लागलं.

वेळेचाही एक घोळ होतो. साडेसहा म्हणजे AM की PM हे सेव्ह करण्याआधी मोठ्याने वाचा. रात्री बाराचा कार्यक्रम असेल तर तारीख पुढच्या दिवसाची घालावी लागते. शिवाय दिलेल्या वेळेला काउंटडाउन सुरू होतं, गाणं नव्हे. आपण काही बदललं नसेल तर ते दोन मिनिटांचं असतं, म्हणजे साडेसहाचा पहिला सूर सहा बत्तीसला लागतो. अभ्यंगस्नान आटोपून सगळे बरोब्बर साडेसहाला बसणार होते, म्हणून मी वेळ 6:28 केली. दुबईतल्या भाच्याला पानावर त्याच्याकडची, म्हणजे पहाटे पाचच्या आसपासची वेळ दिसत होती. तीच त्याच्यासाठी बरोबर होती, पण ग्रुपवरच्या मेसेजमध्ये 'भारतीय वेळ' लिहिलं नसल्याने तो गोंधळला.

`Notify me` दाबणाऱ्याला साधारण अर्धा तास आधी एक आणि सुरू होताना एक सूचना येते. त्यासाठी त्याचं गूगल लॉगिन हवं आणि मोबाइलवर यूट्यूबच्या सूचना चालू हव्यात. लिंकसोबत "उघडून Notify me दाबा" हे लिहिलंच पाहिजे, नाहीतर लोक पान बघतात आणि विसरतात.

सगळ्यात जड पडते ती फाइलमधली चूक, कारण अपलोड झालेल्या व्हिडिओची फाइल बदलता येत नाही. एका भजनात तबला फक्त डाव्या कानात ऐकू येतोय हे आमच्या तबलजींना लिंक वाटून झाल्यावर कळलं. डिलीट करून नवा टाकला तर लिंक नवी होणार आणि ज्यांनी आठवण लावली होती त्यांची आठवण जुन्या पानाबरोबर जाणार. आम्हाला तेच करावं लागलं. आता मी आधी इअरफोन लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकते, कॉपीराइटची तपासणी आणि एचडी प्रोसेसिंग पूर्ण होऊ देते, आणि मगच लिंक देते.

ठरवून केलेल्या लाइव्हचा प्रश्न निराळा आहे. प्रीमियर आपोआप सुरू होतो, लाइव्ह आपल्यालाच सुरू करावं लागतं. वाशीच्या कार्यक्रमात घाईघाईत मी नवीन लाइव्ह सुरू केलं. त्याची लिंक वेगळीच झाली आणि वाटलेल्या पानावरची माणसं वाट बघत बसली. मग त्या पानाच्या चॅटमध्ये आणि वर्णनात नवी लिंक टाकून त्यांना आणलं. स्टुडिओत `Manage`मधून आधी ठरवलेलंच लाइव्ह उघडायचं आणि तिथून सुरू करायचं, हे त्या दिवशी पक्कं झालं.

रियाजाचे अलंकार मात्र मी रेकॉर्ड झाले की तपासून लगेच `Public` करते. प्रीमियर चालू असताना मागे जाता येतं, पण जिथपर्यंत वाजलंय त्याच्या पुढे उडी मारता येत नाही. आणि मुलांना नेमका तिसराच अलंकार हवा असतो.