छोटा फोटो मोठा करताना: बायक्युबिक की लॅन्झोस?

संक्रांतीच्या आधी शेजारच्या काकू मोबाइल घेऊन आल्या. त्यांच्या सासऱ्यांचा, सिद्धेश्वरांच्या यात्रेतला फोटो होता. अंगात पांढरी बाराबंदी, मागे नंदीध्वजाची उंच काठी, वर मोकळं आभाळ. "हा जरा मोठा करून दे की रे, फ्रेममध्ये लावायचाय." फोटो होता ४८० बाय ६४० पिक्सेलचा. चौपट केला तर १९२० बाय २५६० होतो, म्हणजे ६ बाय ८ इंचाच्या प्रिंटला इंचामागे ३२० पिक्सेल मिळतात. आकडा पुरेसा आहे. पण वाढलेल्या जागेत भरायचं काय, हे ठरवतं ते इंटरपोलेशन. त्यातल्या दोन पद्धतींची नावं सतत ऐकू येतात: बायक्युबिक आणि लॅन्झोस. (मूळ हंगेरियन उच्चार लान्त्सोशच्या जवळचा आहे. आपल्याकडे तसं म्हटलं तर समोरचा तोंडाकडे बघत राहतो.)

सुरुवात फाइलपासून करा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो आणखी दाबला जातो, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून मागवा. मग एकाच फोटोच्या दोन प्रती एकाच प्रोग्रॅममधून काढा. मी इमेजमॅजिक वापरतो, ते फुकट आहे:

```
magick gadda.jpg -filter Catrom -resize 400% cubic.png
magick gadda.jpg -filter Lanczos -resize 400% lanczos.png
```

इथे `Catrom` म्हणजेच बायक्युबिकचा नेहमीचा प्रकार. हे नाव मुद्दाम लिहायचं, कारण 'बायक्युबिक' या एकाच नावाखाली निरनिराळे प्रोग्रॅम थोडी निरनिराळी सूत्रं वापरतात. एका ठिकाणचा निकाल दुसरीकडे मिळाला नाही, तर आधी तिथे शंका घ्या. आणि प्रती PNG मध्येच ठेवा. मधेच JPG केलं की त्याचे डाग मिसळतात आणि कोणाचा दोष कोणाचा हे कळत नाही.

आता या दोघांच्या आत काय चालतं ते एका छोट्या हिशोबात बघू. नवा पिक्सेल बनवताना बायक्युबिक आजूबाजूचे ४ बाय ४, म्हणजे १६ जुने पिक्सेल विचारात घेतं. लॅन्झोस ६ बाय ६, म्हणजे ३६. दोघंही जवळच्या पिक्सेलला जास्त वजन देतात आणि त्याच्या पलीकडच्याला चक्क उणे वजन. कडा धारदार दिसते ती या उणे वजनामुळेच. काळ्याला ० आणि पांढऱ्याला २५५ धरू. समजा एका ओळीत काठीचे गडद पिक्सेल ४०, ४०, ४० आहेत आणि लगेच आभाळाचे २००, २००, २००, २०० सुरू होतात. आभाळाच्या पहिल्या दोन पिक्सेलच्या बरोबर मध्ये नवा पिक्सेल हवा आहे. बायक्युबिक शेजारच्या दोघांना प्रत्येकी १६ पैकी ९ वजन देतं आणि पलीकडच्या दोघांना प्रत्येकी उणे १. त्या पलीकडच्यांतला एक काठीचा ४० आहे. उत्तर येतं २१०. आभाळ २०० असताना काठीला चिकटून २१० ची उजळ पट्टी तयार झाली.

त्याच जागी लॅन्झोसचं उत्तर येतं साधारण २१८. तेवढ्यावर ते थांबत नाही. एक पिक्सेल पुढे सरकून आभाळाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये बघा: बायक्युबिक तिथे शांतपणे २०० देतं, लॅन्झोस १९६. म्हणजे उजळ पट्टीनंतर एक फिकी काळसर पट्टी. पाण्यात खडा टाकल्यावर तरंग उठावा तसं. इंग्रजीत याला रिंगिंग म्हणतात. सगळा फरक इथेच आहे: लॅन्झोसची कडा जास्त करकरीत, पण त्याची किंमत म्हणून दुसरा तरंग.

आता तपासणी. दोन्ही प्रती १०० टक्क्यांवर उघडा. ५० टक्क्यांवर बघाल तर स्क्रीनवरचा प्रोग्रॅम स्वतःच फोटो लहान करून दाखवतो, आणि तुम्ही त्याचं काम तपासत बसता. सुरुवातीला मी बराच वेळ हेच करत होतो. नजरेला फरक सापडत नसेल तर दोन्ही प्रती एकमेकांतून वजा करा:

```
magick cubic.png lanczos.png -compose difference -composite -auto-level farak.png
```

काकूंच्या फोटोची ही `farak.png` उघडली तेव्हा आभाळ आणि गाल जवळजवळ काळे होते, म्हणजे तिथे दोघांत काही फरकच नव्हता. उजळलं होतं ते काठीच्या दोन्ही बाजूंना, बाराबंदीच्या कडेला आणि मिशीत. एवढ्याच जागा बघायच्या. बाकी फोटोसाठी कुठलीही पद्धत चालते.

मिशीत लॅन्झोस सरस ठरलं. केस वेगवेगळे दिसत होते. बायक्युबिकमध्ये ते थोडे एकमेकांत मिसळले होते. जिथे बारीक पोत दाट भरलेला असतो, तिथे तरंग त्याच गर्दीत हरवतात आणि धार तेवढी उरते. चादरीचं विणकाम, दगडी भिंत, झाडाची पानं यांना म्हणून लॅन्झोस द्यावं. अट एकच, मूळ फोटो स्वच्छ हवा.

काठीजवळ उलट झालं. एका बाजूला गडद काठी, दुसऱ्या बाजूला सपाट आभाळ, तरंगांना लपायला जागाच नाही. चौपट केल्यावर जुना एक पिक्सेल चार पिक्सेलचा होतो, म्हणून प्रत्येक पट्टीही साधारण तेवढीच रुंद. ६ बाय ८ च्या प्रिंटवर ती जेमतेम ०.३ मिलिमीटर भरते, बारकाईने पाहणाऱ्यालाच दिसेल. पण हाच फोटो ३ फूट रुंद फ्लेक्सवर गेला तर जुना एक पिक्सेल जवळजवळ २ मिलिमीटरचा, आणि पट्टीही तशीच. तिथे मी लॅन्झोस वापरणार नाही. पाटीवरची अक्षरं, साडीचा काठ, सपाट भिंतीपुढचा माणूस यांनाही बायक्युबिकच बरं.

JPG खूप दाबलेला असेल तर प्रश्न आणखी सोपा. अशा फोटोत ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन आणि कडांभोवती माशा बसल्यासारखे ठिपके असतात. लॅन्झोसला ठिपका आणि मिशीचा केस यांत भेद कळत नाही, ते दोघांनाही सारखीच धार लावतं. बायक्युबिक थोडं मऊ असल्यामुळे ते डाग कमी टोचतात. मूळ फोटो ४०० टक्के झूम करून चौकोन दिसतात का बघा. दिसले तर निवड झाली.

काकूंच्या फोटोत चौकोन फारसे नव्हते, म्हणून दोन्ही वापरले. गिंपमध्ये खाली `cubic.png`, वर `lanczos.png` असे दोन थर ठेवले. एकाच प्रोग्रॅममधून काढल्यामुळे ते पिक्सेलला पिक्सेल जुळले. वरच्या थराला पांढरा लेअर मास्क लावला आणि मऊ काळ्या ब्रशने काठी आणि बाराबंदीच्या कडा पुसल्या. चेहरा लॅन्झोसचा राहिला, काठी बायक्युबिकची. पंधरा मिनिटांचं काम.

प्रिंट हातात घेऊन काकू म्हणाल्या, "मामंजींच्या कपाळावरचा गंध का नाही दिसत रे?" मूळ फोटोत तो अख्खा गंध तीन-चार पिक्सेलचा होता, आणि कपाळाच्याच रंगात मिसळलेला. बायक्युबिक असो की लॅन्झोस, दोघंही आहे त्याच पिक्सेलचा हिशोब मांडतात. मी तो ब्रशने काढून देऊ का विचारलं. "नको," म्हणाल्या, "आहे तसाच राहू दे."