पत्र उघडलं जायचं, दुकानात कुणी यायचं नाही

म्हापशातल्या आमच्या पुस्तकांच्या दुकानाचं मासिक ईमेल-पत्र बरेच जण उघडतात असं दिसायचं, पण गल्ल्याशी त्यातलं कुणी येत नव्हतं. तो आकडाच फसवा आहे: 2021 पासून ॲपलच्या मेल ॲपमुळे वाचकाने न पाहिलेलं पत्रही उघडल्याची नोंद होऊ शकते. म्हणून मी आलेली माणसं मोजू लागलो.

पत्रातली लांब यादी काढून एकच पुस्तक ठेवलं. ते कुणाला आवडेल आणि कुणाला नाही, हे चार ओळींत स्पष्ट लिहिलं. खाली एवढंच: ‘प्रत हवी असेल तर याच पत्राला उत्तर द्या, शनिवारपर्यंत बाजूला ठेवतो.’ उत्तर आलं की प्रतीत नावाची चिठ्ठी घालून ती गल्ल्यामागच्या फळीवर जाते. पत्र गुरुवारी संध्याकाळी पाठवतो, कारण शुक्रवारच्या बाजाराला आसपासच्या गावांतली माणसं म्हापशात येतातच.

शनिवारी फळीवर चिठ्ठ्या उरल्या तर मुदत कमी पडली असं समजतो. उत्तरंच आली नाहीत तर त्या चार ओळींत दम नव्हता. प्रती दुकानात पोचल्याशिवाय मात्र त्या पुस्तकावर लिहीत नाही. रिकाम्या फळीसमोर उभा राहिलेला वाचक पुढचं पत्र वाचत नाही.