साहेबांना मेल अन् पीए सीसीत: भेटीची वेळ मागताना या चुका टाळा

कंपनीतल्या मोठ्या साहेबांची वेळ मागायची तर मेल साहेबांना टाकायचा अन् त्यांच्या पीएला सीसीत ठेवायचं, एवढं आता आपल्याकडच्या शेतकरी गटांनाही माहिती झालंय. तरी उत्तर येत नाही, अन् बऱ्याचदा त्याचं कारण साधं असतं, मेल वाचून कुणी काय करायचं तेच दोघांना कळत नाही. साहेबांना वाटतं पीए मॅडम बघतील, अन् मॅडमना वाटतं साहेब हो म्हणल्याशिवाय मी तारीख कशी देऊ.

एक उदाहरण धरू. सेलूचा एक गट आहे, त्यांना खरिपासाठी सोयाबीन बीजोत्पादनाचं बोलायला जालन्याच्या एका बियाणे कंपनीच्या प्रॉडक्शन हेडला भेटायचंय. मेल असा जातो: "आदरणीय सर, आम्हाला आपली भेट हवी आहे, आपल्या सोयीने कधीही वेळ द्यावी." सीसीत मॅडमचा पत्ता आहे, पण मेलमधे त्यांचं नावसुद्धा नाही. नाव नसलं की ते "माहितीसाठी" आहे असंच समजलं जातं, अन् ते काही चूक नाही.

दुसरी चूक म्हणजे ते "कधीही". आपल्याला तो मोठेपणा वाटतो पण पीएचं काम त्यानं दुप्पट होतं, कारण भेट किती वेळाची, किती जण येणार, कुठून येणार, हे सगळं तिला उलट विचारावं लागतं, अन् तोवर दुसऱ्या कुणीतरी नीट लिहिलेली विनंती कॅलेंडरवर बसलेली असते.

म्हणून मेलचे सरळ दोन भाग करायचे. साहेबांच्या भागात फक्त त्यांनी ठरवायचं तेवढंच, भेटायचं का अन् कशासाठी. मॅडमच्या भागात तारखा, माणसं, गाडी, फोन. साहेबांची परवानगी अजून आलेली नाही हे मॅडमच्या भागातही दिसलं पाहिजे, नाहीतर ते हुकूम दिल्यासारखं वाटतं. नाव माहीत नसेल तर आधी रिसेप्शनला फोन करून आडनाव नीट विचारून घ्या. इथं समजायला पाटील साहेब अन् जोशी मॅडम धरू:

विषय: भेटीची विनंती, सोयाबीन बीजोत्पादन, 30 मिनिटं, 10 ते 13 मार्च 2026

नमस्कार पाटील साहेब, जोशी मॅडम,

पाटील साहेब, आमच्या सेलूच्या गटाला येत्या खरिपात तुमच्या कंपनीसाठी सोयाबीन बीजोत्पादन करायचं आहे. क्षेत्र अन् अटी यावर 30 मिनिटं बोलायचं आहे. भेटायला तुमची हरकत नसेल तर तसं जोशी मॅडमना कळवावं ही विनंती.

जोशी मॅडम, साहेबांनी होकार दिला तर यातली कोणतीही वेळ आम्हाला चालेल:
मंगळवार 10 मार्च, दुपारी 12 ते 12.30
गुरुवार 12 मार्च, दुपारी 12 ते 12.30
शुक्रवार 13 मार्च, दुपारी 3 ते 3.30
सेलूहून यायचं असल्यामुळे सकाळी 11 च्या आत जमणार नाही. आम्ही तिघं येऊ. गेट पाससाठी तिघांची नावं, गाडी नंबर अन् माझा मोबाईल खाली दिलाय. या वेळा गुरुवार 5 मार्चपर्यंत मोकळ्या ठेवतो.

विषयाच्या ओळीत काम, वेळ अन् तारखा तिन्ही असल्या की महिनाभरानं शोधलं तरी मेल सापडतो. वार अन् तारीख जुळते का ते पाठवण्याआधी कॅलेंडरवर बघाच, ही चूक फार होते अन् तेवढ्यासाठी मॅडमना पुन्हा विचारायला लावणं बरं नाही. दराचं, पैशाचं नाजूक बोलणं या मेलात नको, ते भेटीत.

5 मार्च उलटला अन् उत्तर नाही, तर नवीन मेल टाकू नका. त्याच मेलवर रिप्लाय ऑल करा, पण आता "टू" मधे मॅडम अन् सीसीत साहेब, कारण आता विचारायचं ते मॅडमना आहे. "साहेबांचं काही ठरलं का" एवढं विचारा अन् 16 मार्चपासूनच्या आठवड्यातल्या नव्या दोन वेळा द्या. गुरुवार 19 मार्चला गुढीपाडवा आहे, तो दिवस देऊ नका. "साहेबांनी हो म्हणलंय" असं मात्र लिहू नका, साहेबांनी खरंच म्हणलं असल्याशिवाय, मॅडम लगेच विचारून घेतात अन् मग आपल्यावरचा विश्वास जातो.

कधी उलटंही होतं, साहेब लिहितात मंगळवारी या अन् मॅडमचा मेल येतो गुरुवारचा. तेव्हा स्वतःच अंदाज बांधून गाडी काढू नका, दोघांना ठेवून लिहा: "मॅडम, साहेबांच्या मेलात मंगळवार आहे, तुमच्या मेलात गुरुवार, कोणता दिवस पक्का धरू?" तारीख पक्की झाली की नंतरचं, म्हणजे माणूस बदलला, गाडी बदलली, उशीर होतोय, हे सगळं फक्त मॅडमना कळवायचं, साहेबांना सीसी नको. निघायच्या आदल्या दिवशी मॅडमना एक छोटा मेल टाकून वेळ तीच आहे ना ते विचारून घ्या.