स्कॅन केलेल्या पानावरील लाल शिक्का कसा काढावा

मजकुरावर मधोमध उठलेला लाल रबरी शिक्का खोडरबराने किंवा क्लोन ब्रशने घासून काढण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो मुळातच चुकीचा आहे. कारण शिक्क्याबरोबर त्याखालच्या अक्षरांचे अनुस्वार, वेलांट्या आणि मात्राही जातात व मग त्या अंदाजाने पुन्हा काढाव्या लागतात. पान रंगीत स्कॅन केलेले असेल, तर यातले काहीही करण्याची गरज नसते. शिक्का जवळजवळ नसलेले पान त्याच फाइलमध्ये आधीपासून असते. ते फक्त वेगळे काढायचे असते.

रंगीत फाइलमधील प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात व प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो. पांढऱ्या कागदाचे तिन्ही आकडे मोठे असतात आणि काळ्या अक्षराचे तिन्ही लहान. लाल शाई हिरवा व निळा प्रकाश शोषून घेते, पण लाल प्रकाश बराचसा परत पाठवते, त्यामुळे शिक्क्याचा लाल आकडा कागदाच्या आसपासच राहतो. म्हणून एकटे लाल चॅनल, म्हणजे फक्त लाल आकड्यांचे चित्र, पाहिले की शिक्का कागदात विरून जातो आणि अक्षर मात्र, ते शिक्क्याखाली असले तरी, काळेच दिसते.

इथेच बहुतेकांचा घोळ होतो. लाल रंग घालवायचा आहे म्हणून ते लाल चॅनल काढून टाकतात आणि शिक्का काळाकुट्ट होऊन बसतो. ठेवायचे असते ते लाल चॅनल; टाकायची असतात ती उरलेली दोन. चॅनल बदलल्यावर शिक्का आधीपेक्षा गडद झाला, तर चुकीचे चॅनल उचलले गेले आहे असे खुशाल समजावे.

पान ३०० डीपीआयवर, रंगीत, टिफ किंवा पीएनजी स्वरूपात स्कॅन करावे. पान आधीच पीडीएफमध्ये असेल, तर पडद्याचे छायाचित्र न घेता `pdfimages -all` या आदेशाने मूळ चित्र बाहेर काढावे. ग्रेस्केलमध्ये स्कॅन केलेल्या पानावर ही रीत चालत नाही, कारण तिथे तिन्ही आकडे आधीच एकात मिसळलेले असतात.

त्यानंतर GIMP या चित्रसंपादन प्रणालीमध्ये Colors → Components → Extract Component उघडून RGB Red निवडावे. तेथील Linear output ही खूण बंदच ठेवावी. इथे Desaturate किंवा थेट ग्रेस्केल रूपांतर वापरू नये. त्या रूपांतरात हिरव्या आकड्याला सर्वाधिक वजन मिळते आणि लाल शाईचा नेमका तोच आकडा पडलेला असतो, त्यामुळे शिक्का मध्यम करडा होऊन अक्षरांमध्ये अडकून राहतो.

आता खरा कस लागतो तो पुढच्या टप्प्यात. लाल चॅनल वेगळे केल्यावर शिक्का पूर्ण जात नाही, त्याची फिकट करडी सावली उरते. ती घालवण्यासाठी बहुतेक ठिकाणी ‘कॉन्ट्रास्ट वाढवा’ एवढेच सांगितलेले असते, आणि या सल्ल्याने जितकी पाने बिघडतात तितकी दुसऱ्या कशाने बिघडत नसावीत. कॉन्ट्रास्टची पट्टी नजरेने ओढत गेले की सावली जाते, पण तिच्याबरोबर अक्षरांच्या बारीक रेषाही पांढऱ्या होतात. पान दुरून स्वच्छ दिसते आणि जवळून पाहिल्यावर ‘प’ आणि ‘ष’ यांतला फरक करणारी तिरपी रेघ गेलेली असते. म्हणून हे काम अंदाजाने करू नये, आकडे मोजून करावे.

रंग उचलण्याचे साधन घेऊन, वेगळ्या केलेल्या लाल चॅनलच्या चित्रात चार ठिकाणचे आकडे पाहावेत: मोकळा कागद, शिक्क्याचा साधारण भाग, शिक्क्याचा सर्वांत गडद भाग आणि काळ्या अक्षराचा गाभा. एका पानाचे उदाहरण घेऊ. समजा, कागद २४४, शिक्का २१२ आणि अक्षराचा गाभा ४८ असा निघाला. एवढ्यावरून पांढरी मर्यादा, म्हणजे ज्याच्या वरचे सारे पांढरे होते तो आकडा, २१० ठेवावीशी वाटते, परंतु शिक्क्याच्या कडेला दाबामुळे शाई साचते आणि तिथला आकडा १८६ पर्यंत उतरलेला असतो. २१० वर थांबले, तर शिक्क्याचा मधला भाग जातो आणि बाहेरचे वर्तुळ तसेच राहते. मर्यादा सर्वांत गडद कडेच्या किंचित खाली, म्हणजे १७८ वर ठेवावी आणि काळी मर्यादा अक्षराच्या गाभ्यावर, म्हणजे ४८ वर. Colors → Levels मध्ये हे दोन आकडे Input Levels खाली भरले की १७८ च्या वरचे सारे पांढरे होते. बारीक रेषेचा ११० आकडा मात्र १२० च्या आसपास राहतो, म्हणजे ती करडी पण स्पष्ट दिसते.

ImageMagick च्या आदेशाने करायचे असेल, तर हेच काम एका ओळीत होते. तिथे मर्यादा टक्क्यांत द्याव्या लागतात, ४८ म्हणजे सुमारे १९ टक्के आणि १७८ म्हणजे सुमारे ७० टक्के.

```
magick scan.png -channel R -separate -level 19%,70% clean.png
```

हे आकडे डोळे झाकून दुसऱ्या पानाला लावू नयेत. प्रत्येक शिक्क्याची शाई वेगळी असते, आणि एकाच पानावरील दोन शिक्क्यांतही एक ओला व दुसरा सुकत आलेल्या पॅडचा असू शकतो. गडद कडेचा आकडा १४० च्याही खाली गेलेला असेल, तर संपूर्ण पानाला ती मर्यादा लावणे म्हणजे उरलेल्या मजकुराचे नुकसान करणे होय. अशा वेळी केवळ शिक्क्याचा भाग मोकळ्या हाताने निवडावा, निवडीची कड थोडी मऊ करावी आणि Levels तेवढ्यापुरतेच लावावे.

याच टप्प्यावर जेपेग फाइलचा त्रास उघड होतो. जेपेगमध्ये रंगाची माहिती बहुधा उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवलेली असते, म्हणून शिक्क्याचा लाल रंग शेजारच्या काळ्या रेषांवर ओघळतो. अशा पानाचे लाल चॅनल वेगळे केले, की शिक्क्याखालची अक्षरे बाकीच्या मजकुरापेक्षा फिकी आणि बारीक दिसतात, आणि पांढरी मर्यादा कितीही हलवली तरी ती भरून येत नाहीत. पान हाताशी असेल, तर Levels शी झुंजत बसण्यापेक्षा ते पुन्हा पीएनजीत स्कॅन करणेच शहाणपणाचे.

तपासणी २०० टक्के मोठे करून, मूळ रंगीत पान शेजारी ठेवून करावी आणि ती शिक्क्याच्या कडेवरून फिरत करावी. तुटलेली अक्षरे बहुधा तिथेच सापडतात.

लाल चॅनल शिक्का आणि इतर लाल मजकूर यांत भेद करत नाही. लाल पेनाचा शेरा, लाल छापील शीर्षक, लाल सही हे सारे शिक्क्याबरोबर जाते. निळी सही बहुधा राहते, किंबहुना अधिक गडद होते, कारण निळी शाई लाल प्रकाश शोषते. जांभळा शिक्का याच कारणाने पुरता जात नाही. त्याची सावली बहुधा इतकी गडद उरते की Levels लावून अक्षरे वाचवता येत नाहीत.

शिक्का काढलेली प्रत वाचनासाठी आणि मजकूर ओळखणाऱ्या प्रणालीला देण्यासाठी आहे. ती मूळ कागदपत्र म्हणून कोणाकडेही सादर करू नये. फाइलच्या नावातच ‘शिक्का काढलेली’ असे लिहावे आणि मूळ रंगीत स्कॅन तिच्याच शेजारी, काहीही न बदलता, जपून ठेवावा.