स्टेशनवर हरवलेलं पाकीट : अरबीत भूतकाळ आणि भविष्यकाळ एकाच गोष्टीत

अरबीची पहिली पातळी संपली, लिपी हाताखालून गेली, धातूंची तोंडओळख झाली, की वर्गात हमखास येणारा गृहपाठ म्हणजे दीडशे शब्दांची गोष्ट. विषय बहुधा हरवलेल्या वस्तूचा असतो. रेल्वे स्टेशनवरचं पाकीट तर अगदी ठरलेलं. त्याला कारणही आहे. पाकीट हरवलं, शोधलं, सापडलं हा सगळा भूतकाळ. ‘आता मी पोचेन कशी, गाडी सुटेल’ ही धास्ती म्हणजे भविष्यकाळ. आणि हरवलेल्या वस्तूच्या गोष्टीत ‘नाही’ हा शब्द पावलोपावली लागतो. मध्यम पातळीवरचे विद्यार्थी अडखळतात ते बरोबर तिथेच.

माझी गोष्ट मी कैरोच्या रामसेस स्टेशनवर घडवली. अलेक्झांड्रियाहून निघालेली रेल्वे १८५६ मध्ये कैरोला पोचली, तेव्हापासून या दोन शहरांमधला हा नेहमीचा रस्ता आहे. शिवाय अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सकाळी निघून दुपारच्या जेवणाला बहिणीकडे पोचता येतं. गोष्टीला तेवढं पुरे.

इथे गोष्ट देवनागरीत देते आहे, पण वहीत ती अरबी लिपीतच लिहावी. देवनागरी ही फक्त उच्चारापुरती कुबडी आहे. पाय मोडला नसेल तर शेवटचा ‘अ’ संस्कृतासारखा पूर्ण म्हणायचा, आणि घशातला ‘ऐन’ मी ’ या खुणेने दाखवला आहे.

वसलत् सल्मा इला महत्तति रम्सीस् फ़िस्-सा’अतिस्-साबि’अति सबाहन्. कानत् तुरीदु अन् तुसाफ़िर इलल्-इस्कंदरिय्यह्. इश्तरत् तज़्किरतन् सुम्म शरिबत् शायन् ’इंद बाइ’इन् फ़िल्-महत्तह्. रकिबल्-मुसाफ़िरूनल्-क़ितार व जलसू. फ़तहत् सल्मा हक़ीबतहा फ़लम् तजिदिल्-मिहफ़ज़ह्. व कानत् क़द् वद’अतित्-तज़्किरत फ़ीहा. क़ालत् लिनफ़्सिहा: सयुग़ादिरुल्-क़ितारु ब’द क़लील्, व लन् असिल इला बैति उख़्ती अल्-यौम्. सअलतिल्-मुवज़्ज़फ़ फ़क़ाल इन्नहु लम् यर शैअन् व इन्नहु सयस्अलु ज़ुमलाअहु. तज़क्करत् सल्मा बाइ’अश्-शाय् फ़रज’अत् इलैह्. इब्तसमर्-रजुलु व क़ाल: कुन्तु अ’रिफ़ु अन्नकि सतर्जि’ईन्. शकरत्हु व रकदत् इलल्-क़ितार्. व क़ालत्: लन् अन्सा हाज़ल्-यौम्.

मराठीत : सलमा सकाळी सात वाजता रामसेस स्टेशनवर पोचली. तिला अलेक्झांड्रियाला जायचं होतं. तिने तिकीट काढलं, मग स्टेशनवरच्या एका चहावाल्याकडे चहा घेतला. प्रवासी गाडीत चढले आणि बसले. सलमाने बॅग उघडली तर पाकीट नाही. आणि तिकीट तिने त्यातच ठेवलं होतं. ती मनाशी म्हणाली, ‘गाडी थोड्या वेळात सुटेल, आणि आज काही मी ताईच्या घरी पोचत नाही.’ तिने कर्मचाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, आपण काही पाहिलं नाही, सहकाऱ्यांना विचारू. सलमाला चहावाला आठवला आणि ती त्याच्याकडे परतली. तो हसून म्हणाला, ‘तू परत येशील हे मला ठाऊक होतं.’ त्याचे आभार मानून ती गाडीकडे धावली. म्हणाली, ‘हा दिवस मी विसरणार नाही.’

आता यातल्या ‘नाही’कडे बघा. ‘फ़लम् तजिद्’ म्हणजे ‘तर तिला सापडलं नाही’. (गोष्टीत ‘तजिदि’ दिसतं, कारण पुढच्या ‘अल्’ला जोडून घेण्यापुरती इकार येते.) अर्थ भूतकाळाचा, पण क्रियापद भूतकाळाचं नाही. ‘वजदत्’ हे भूतकाळी रूप ‘लम्’पुढे चालतच नाही. तिथे वर्तमानकाळी रूप घ्यावं लागतं, तेही शेवट कापून. आपण मराठीत ‘सापडलं’ला ‘नाही’ जोडतो आणि मोकळे होतो, त्यामुळे आपल्या मुलांच्या वहीत ‘लम् वजदत्’ ही चूक ढिगाने दिसते. ‘मा वजदत्’ म्हटलं तर ते शुद्ध आहे, ‘मा’पुढे भूतकाळी रूप चालतं. पण लिखित गद्यात ‘लम्’ जास्त शोभतो, आणि परीक्षकाला तोच बघायचा असतो.

भविष्यकाळाच्या नकाराला ‘लन्’. ‘लन् असिल’, मी पोचणार नाही. इथेही वर्तमानकाळी रूपच, पण शेवटी ‘अ’ घेऊन. होकारार्थी ‘सअसिलु’, मी पोचेन. म्हणजे नकार करताना सुरुवातीचा ‘स’ जातो आणि त्याच्या जागी ‘लन्’ येतो. दोन्ही एकत्र ठेवायचे नाहीत. ‘सौफ़ लन्’ अशी जोडी वर्तमानपत्रांत कधी कधी भेटते, पण व्याकरणाचे जाणकार ती चूक धरतात. ‘स’ जवळच्या भविष्यासाठी आणि ‘सौफ़’ लांबच्या, असा नियम जुन्या पुस्तकांत असतो. आजचं लेखन तो फारसा पाळत नाही. मी गोष्टीत ‘स’च वापरते. तो शब्दाला चिकटून लिहायचा, सुटा नाही.

‘लम्’ आणि ‘लन्’ यांत फरक एका अक्षराचा, आणि रोजच्या अरबी लिखाणात ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. म्हणून ‘लम् असिल्’ आणि ‘लन् असिल’ यांतली क्रियापदं कागदावर तंतोतंत सारखी दिसतात. तिथे चूक लपते. पण काही क्रियापदांत ती लपत नाही, आणि गुण जातात ते त्यांच्यावर. ‘क़ाल’ (म्हणाला) घ्या. ‘ती म्हणाली नाही’ हे ‘लम् तक़ुल्’, मधला दीर्घ ‘ऊ’ गळतो, म्हणजे लिहिताना ‘वाव’ हे अक्षरच जातं. ‘ती म्हणणार नाही’ हे ‘लन् तक़ूल’, इथे ‘वाव’ राहतं. गोष्टीतला शेवटचा ‘लन् अन्सा’ही तसाच : भविष्यात शेवटचा दीर्घ ‘आ’ राहतो, पण ‘मी विसरले नाही’ म्हणायचं तर ‘लम् अन्स’, अक्षर कापून. कर्मचाऱ्याच्या वाक्यातला ‘लम् यर’ मुद्दाम घातलाय. ‘यरा’मधलं शेवटचं अक्षर तिथे गेलेलं आहे. परीक्षकाला असं एखादं रूप बरोबर दिसलं, की मुलीला विषय कळलाय हे तो ओळखतो.

स्त्रीला उद्देशून बोलताना आणखी एक गंमत होते. ‘सतर्जि’ईन्’ म्हणजे तू परत येशील. त्यातलं शेवटचं ‘न’ नकारात गळतं : ‘लन् तर्जि’ई’. चहावाल्याच्या जागी रागीट माणूस असता तर त्याच्या तोंडी हे वाक्य बसलं असतं. सरावासाठी तो बदल करून बघा, पात्र बदललं की क्रियापदांचे शेवट कुठे कुठे हलतात ते लगेच दिसतं.

भविष्यकाळ घालायचा कुठे, हा दुसरा प्रश्न. गोष्ट सांगणारा भूतकाळातच राहतो, भविष्य येतं ते पात्रांच्या तोंडी किंवा मनात. आपल्यातले बरेचजण व्याकरण इंग्रजीतून शिकलेले असतात, म्हणून ‘तो म्हणाला की’च्या पुढे काळ मागे ढकलायचा विचार करतात आणि ‘सयस्अलु’च्या जागी भलतंच काहीतरी रचतात. त्याची गरज नाही. ‘क़ाल इन्नहु सयस्अलु’, तो म्हणाला की तो विचारेल. बोलताना जो काळ होता तोच राहतो. ‘तू परत येशील हे मला ठाऊक होतं’ या वाक्यातही ‘कुन्तु अ’रिफ़ु’ भूतकाळात आणि ‘सतर्जि’ईन्’ भविष्यात, अगदी मराठीसारखं. या ठिकाणी मराठीवर बिनधास्त विसंबावं. फक्त ‘क़ाल’नंतर ‘इन्न’ येतो आणि ‘अ’रिफ़ु’नंतर ‘अन्न’, एवढं ध्यानात ठेवायचं.

दुसऱ्या एका ठिकाणी मात्र मराठी दगा देते. आपण ‘सलमाने बॅग उघडली, दार उघडलं’ म्हणतो, क्रियापद कर्माच्या मागे जातं. अरबीत ते कर्त्याला सोडत नाही. बॅग असो की दार, सलमाने उघडलं तर ‘फ़तहत्’. चहावाल्याला पाकीट सापडलं असं वाक्य जोडायचं तर ‘वजदल्-बाइ’उल्-मिहफ़ज़ह्’. मिहफ़ज़ह् स्त्रीलिंगी आहे म्हणून ‘वजदत्’ लिहिण्याचा मोह होतो, तो आवरायचा.

वचनाचा मात्र चमत्कारिक नियम आहे. ‘रकिबल्-मुसाफ़िरून’मध्ये प्रवासी अनेक, पण क्रियापद एकवचनी, कारण ते कर्त्याच्या आधी आलं. लगेच पुढचं ‘जलसू’ अनेकवचनी, कारण तोवर प्रवाशांचा उल्लेख होऊन गेलेला असतो. एकाच वाक्यात दोन्ही रूपं आणायची तर असं दुहेरी वाक्य सोयीचं. प्रत्येक गोष्टीत मी एक तरी घालते.

‘कानत् क़द् वद’अत्’, ठेवलं होतं, हे आधीच घडून गेलेल्यासाठी. ‘कानत् तुरीदु’, इच्छा होती, हे चालू स्थितीसाठी. ‘कान’पुढे भूतकाळ की वर्तमान, एवढ्यावर अर्थ फिरतो. दीडशे शब्दांत प्रत्येकी एकदा पुरे, नाहीतर गोष्ट लंगडते.

लिहून झाल्यावर मी वहीतले सगळे नकार अधोरेखित करते आणि फक्त तेवढेच पुन्हा वाचते. ‘लम्’पुढे भूतकाळी रूप दिसलं की चूक, ‘लन्’च्या शेजारी ‘स’ दिसला की चूक. बाकीची वाक्यं नंतर.

एक सूचना, ज्यांना इजिप्तला जायचं आहे त्यांच्यासाठी. तिकीट खिडकीवर या गोष्टीतली भाषा कोणी बोलत नाही. पाकीट खरंच हरवलं तर ‘महफ़ज़्ती दा’इत्’ म्हणायचं. तिथे भविष्याचा ‘स’ जाऊन ‘ह’ येतो : ‘हसाफ़िर्’, मी जाईन. नकार ‘मिश् हसाफ़िर्’. ‘लम्’ आणि ‘लन्’ दोन्ही गायब. स्टेशनलाही लोक रामसेसपेक्षा ‘महत्तित मस्र्’ जास्त म्हणतात, आणि अलेक्झांड्रियाच्या शेवटच्या स्टेशनचं नावही तेच आहे. म्हणून टॅक्सीवाल्याला सांगताना शहर सांगायला विसरू नका. चहावाल्याच्या तोंडी असं बोलीतलं वाक्य घालावंसं वाटलं तर आधी शिक्षकांना विचारा. काहींना ते आवडतं, काही सरळ गुण कापतात.